कर्ज काढलं की किंमत वाढते म्हणे!

चालता धंदा विकत घ्यायचा असेल तर त्याची किंमत काढायच्या दोन सरळ वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे अख्खा धंदा दरवर्षी किती रोकड देतो ते बघायचं, बँकेची किती आणि मालकाची किती हा वाद तूर्त बाजूला ठेवायचा, त्या सगळ्याची आजची किंमत काढायची आणि शेवटी त्यातून कर्ज वजा करायचं. दुसरी वाट म्हणजे बँकेचं बँकेला आणि सरकारचं सरकारला आधीच देऊन टाकायचं आणि मालकाच्या हातात जे उरेल तेवढंच मोजायचं. या दुसऱ्या वाटेला 'फ्लो टू इक्विटी' म्हणतात. उरलेली रोकड मालकाची, म्हणून तिला डिस्काउंट करायचा दरही मालकाचाच, म्हणजे कॉस्ट ऑफ इक्विटी. मालकाला आपल्या पैशावर जेवढा परतावा मिळायला हवा, तो हा दर.

ऐकायला दुसरी वाट फारच सोयीची वाटते. माणूस साधाच प्रश्न विचारत असतो, "माझे किती घालायचे आणि मला किती मिळणार?" मात्र या सोयीत एक गोम आहे, आणि आजची पोस्ट तिच्याबद्दलच आहे.

माझा एक मित्र नोकरी सोडून धंद्यात पडायच्या विचारात होता. धंदा म्हणजे हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल धुऊन देणारी मोठी लॉन्ड्री. (हसू नका, नोकरीतल्या अप्रेझलपेक्षा बरा हिशोब आहे.) सौदा जमवणाऱ्या मध्यस्थाने त्याला एक एक्सेल शीट दिली होती आणि त्याने ती मला पाठवली. "बघ रे जरा, यात कर्ज जितकं वाढवावं तितका फायदा वाढतोय. मग साठ लाख काढूनच टाकतो ना!"

आकडे सोपे करून सांगतो. लॉन्ड्रीची किंमत ९० लाख. व्याज आणि कर भरायच्या आधीचा नफा वर्षाला २० लाख, आणि तो असाच चालू राहील असं धरलंय. जुन्या मशिनांचा घसारा आणि नव्या मशिनांचा खर्च सारखाच धरलाय, म्हणजे नफा हीच रोकड. (खऱ्या हिशोबात हॉटेलांकडे अडकलेली उधारीसुद्धा वजा करावी लागते.) कर २५ टक्के, बँकेचं व्याज १० टक्के. आणि कर्ज अजिबात नसताना अशा धंद्यात पैसे घालणाऱ्याला १५ टक्के परतावा हवा असं मानू.

कर्ज नसेल तर २० लाखांवर ५ लाख कर जाऊन १५ लाख उरतात. दरवर्षी १५ लाख, कायमचे, दर १५ टक्के. १५ भागिले ०.१५, म्हणजे १०० लाख. घालायचे ९०, म्हणून निव्वळ फायदा १० लाख. इथपर्यंत शीट बरोबर होती.

आता ४० लाखांचं कर्ज काढू. सध्यापुरतं असं समजू की मुद्दल फेडायचंच नाही, फक्त व्याज भरत राहायचं. व्याज ४ लाख, उरले १६, कर जाऊन १२ लाख. शीटने हे १२ लाख १५ टक्क्यांनी डिस्काउंट केले आणि ८० लाख आणले. खिशातून घालायचे ५०, म्हणून फायदा ३० लाख! साठ लाखांच्या कर्जाला उरतात साडेदहा लाख, किंमत ७० लाख, खिशातले ३० आणि फायदा ४० लाख!! (इथे फायदा काढताना खिशातलेच पैसे वजा करायचे, पूर्ण ९० नाही. बँकेचा वाटा व्याजाच्या रूपाने आधीच वजा झालाय. हे मात्र शीटने नीट केलं होतं.)

तीच लॉन्ड्री, तीच मशिनं, त्याच चादरी. फक्त पैसे कुठून आले ते बदललं आणि फायदा १० चा ४० झाला. कुठेतरी पाणी मुरतंय हे उघड आहे. पाणी मुरत होतं एका सेलमध्ये. कॉस्ट ऑफ इक्विटीचा १५ टक्के हा आकडा तिथे हाताने टाइप केलेला होता, आणि कर्ज कितीही बदललं तरी तो जागचा हलत नव्हता.

तो का हलायला हवा? समजा एखाद्या वर्षी हॉटेलं ओस पडली आणि २० लाखांचा नफा १० वर आला. कर्ज नसलेल्या मालकाची रोकड १५ वरून साडेसातवर येते, म्हणजे निम्मी. चाळीस लाखांचं कर्ज असलेल्याची १२ वरून साडेचारवर, म्हणजे साधारण ६२ टक्के घट. साठवाल्याची साडेदहावरून ३ लाखांवर, म्हणजे ७१ टक्के घट. व्याज आपल्या जागी ठाम असतं, धक्का सगळा मालकाला बसतो. जास्त हेलकावे खाणाऱ्या रोकडीसाठी माणूस जास्त परतावा मागणारच.

किती जास्त, याचं उत्तर मोदिल्यानी आणि मिलर या जोडीने १९५८ आणि १९६३ च्या लेखांतून दिलंय. कर्ज कायम तेवढंच राहणार असेल तर कर्जाविनाचा दर घ्यायचा, त्यात तो दर आणि व्याजदर यांतला फरक गुणिले कर्ज-इक्विटीचं प्रमाण गुणिले (१ वजा कर) एवढी भर घालायची. आता दुसरी गंमत बघा. यातली इक्विटी म्हणजे खिशातून घातलेले ५० लाख नव्हेत, इक्विटीची खरी किंमत. आणि तीच तर आपल्याला काढायचीये! एक्सेल लगेच सर्क्युलर रेफरन्सचा इशारा देऊन मोकळं होतं. आपल्यासारख्यांना हा प्रकार नवा नाही, एक लूप लावला की काम झालं:

```python
E = 50.0
for i in range(8):
    ke = 0.15 + 0.75 * (40 / E) * (0.15 - 0.10)
    E = 12 / ke
    print(round(ke * 100, 2), round(E, 2))
```

पन्नासपासून सुरू केलं की ६६.६७, ६९.५७, ६९.९५ असं करत उत्तर ७० वर स्थिरावतं आणि दर १७.१४ टक्क्यांवर. म्हणजे मालकाच्या हिश्श्याची किंमत ८० नाही, ७० लाख. फायदा ३० नाही, २० लाख. साठ लाखांच्या कर्जाला दर १९.०९ टक्के येतो, किंमत ५५ लाख आणि फायदा २५ लाख.

पडताळा घ्यायचा तर हेच उत्तर दुसऱ्या बाजूने काढता येतं. कर्जामुळे धंद्यात एकच गोष्ट खरोखर बदलते, ती म्हणजे कर. ४ लाख व्याजामुळे वर्षाला १ लाख कर वाचतो. त्याला व्याजाच्याच १० टक्क्यांनी डिस्काउंट केलं की १० लाख. कर्जाविनाचा फायदा १० आणि हे १०, झाले २०. म्हणजे कायमच्या कर्जाच्या प्रत्येक रुपयामागे फायदा फक्त २५ पैसे वाढू शकतो. मित्राच्या शीटमध्ये तो ५० पैसे वाढत होता, म्हणजे निम्मा फायदा नुसता हवेतला.

अशा शीटला एक छान युनिट टेस्ट आहे. कराचा दर शून्य करा आणि कर्ज वरखाली करून बघा. कर नसेल तर कर्जाने फायद्यात पैशाचाही फरक पडता कामा नये. पडला, तर दराचा सेल गोठलेला आहे असं समजा.

आता 'मुद्दल फेडायचंच नाही' ही सवलत काढून घेऊ, कारण लॉन्ड्रीला असं कर्ज कुठली बँक देणार? समजा ४० लाख आठ वर्षांत, दरवर्षी ५ लाख मुद्दल. मालकाच्या रोकडीतून आता मुद्दलही वजा होतं, आणि त्यावर करात सूट नाही. पहिल्या वर्षी हातात १२ नाही, ७ लाख. शिवाय कर्ज दरवर्षी घटतं, म्हणजे कर्ज-इक्विटीचं प्रमाण घटतं, म्हणजे कॉस्ट ऑफ इक्विटीसुद्धा दरवर्षी उतरत शेवटी १५ वर येते. आठ वर्षांचे आठ वेगळे दर! वरचं सूत्रही इथे जसंच्या तसं चालत नाही, कारण ते कायमच्या कर्जासाठी आहे.

इथे मी सरळ वाट बदलतो. कर्ज रुपयांत ठरलेलं असेल आणि हप्त्यांनी फिटणार असेल, तर कर्जाविनाची किंमत काढायची आणि वाचलेल्या कराची किंमत वेगळी मिळवायची. पहिल्या वर्षी १ लाख कर वाचतो, आठव्या वर्षी जेमतेम साडेबारा हजार. सगळ्याची आजची किंमत साधारण ३ लाख ३३ हजार. म्हणजे फायदा १३.३ लाख. गोठलेल्या १५ टक्क्यांची शीट इथेही १८.८ लाख दाखवते.

मग फ्लो टू इक्विटी वापरायची कुठे? जिथे कर्ज आणि इक्विटीचं प्रमाण वर्षानुवर्षं जवळपास तेच राहतं, तिथे एकच दर सगळ्या वर्षांना चालतो आणि हिशोब झटकन होतो. आणि बँकांच्या बाबतीत तर हीच वाट बरी. ठेवी हा बँकेचा कच्चा माल असतो, त्यांना कर्ज म्हणून वेगळं काढायला गेलं तर धंदाच शिल्लक राहत नाही. तिथे नियमांप्रमाणे ठेवावं लागणारं भांडवल बाजूला काढून भागधारकांना जे उरतं, तेच मोजतात.

मित्राचा प्रश्न मात्र ४० की ६० हा होता. साठ लाख आठ वर्षांत फेडायचे तर वाचलेल्या कराची किंमत होते ५ लाख. म्हणजे वीस लाख जास्तीचं कर्ज काढून कागदावर मिळणार फक्त १ लाख ६७ हजार, तेही बँकेने व्याजदर वाढवला नाही तर. आणि पहिल्याच वर्षी नफा १० लाखांवर आला, तर व्याज, कर आणि साडेसात लाख मुद्दल देऊन साठवाल्याला साडेचार लाख घरून घालावे लागतात. चाळीसवाल्याला पन्नास हजार.

हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाठवल्यावर त्याचा फोन आला. "म्हणजे पावणेदोन लाखांसाठी मी हे करत होतो?" त्याने चाळीस लाखांचाच अर्ज भरलाय. शीटमधला १५ टक्क्यांचा सेल आम्ही लाल रंगवून ठेवलाय. असो.