रंगाखालचं पितळ

इमारत पुनर्विकासाला गेली की सगळ्यात आधी दारं निघतात. सागवानाला लगेच गिऱ्हाईक मिळतं, आणि मुठी, कड्या, कुलपं एका गोणीत टाकून भंगारवाल्याच्या काट्यावर जातात. कल्याणच्या दूधनाक्याकडचं आमचं जुनं घर रिकामं झालं तेव्हा फुफीने ही गोणी अडवून धरली. तिचं म्हणणं एवढंच होतं की दादीच्या खोलीचं कुलूप आणि मुठी घरात राहिल्या पाहिजेत. मोठे चुलतभाऊ म्हणाले, "फुफी, हे लोखंड आहे. रंग उडाला की गंज दिसेल." दिसायला ते खरंच लोखंडासारखं होतं. वरून चॉकलेटी ऑइल पेंट, टवका उडाला तिथे हिरवा, त्याखाली आकाशी. दर लग्नाआधी घर रंगायचं आणि रंगारी दाराबरोबर मुठीवरूनही ब्रश फिरवायचा.

पितळ आहे का हे आधी चुंबकाने पाहायचं. चुंबक चिकटलं तर लोखंडावर पितळेचा मुलामा असण्याची शक्यता जास्त, आणि तसं असेल तर फार खोल जाऊ नये. मुलामा गेला की खाली लोखंडच आहे. आमच्या मुठींना चुंबक चिकटलं नाही. स्क्रूंना चिकटलं, पण जुन्या कामात स्क्रू लोखंडी असणं नेहमीचंच. मग मुठीच्या मागच्या बाजूला, जिथे कोणी पाहणार नाही तिथे, सुरीच्या टोकाने एक रेघ ओढली. पिवळी निघाली. पांढरी निघाली असती तर ॲल्युमिनियम किंवा जस्ताचं ओतकाम समजायचं, आणि पुढची कृती तिथेच थांबवायची, कारण सोडा या दोन्ही धातूंना खातो.

बहुतेक लोक यानंतर सँडपेपर घेतात, नाहीतर गॅसवर रंग जाळतात. दोन्ही नकोत, आणि त्याचं पहिलं कारण शिसं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं हा आपल्याकडचा नियम 2016 चा, आणि तो लागू झाला 1 नोव्हेंबर 2017 पासून. आमच्या दारावरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. असा रंग घासला की धूळ उडते आणि जाळला की धूर होतो. दोन्ही फुप्फुसात जातात, आणि जमिनीवर बसलेली धूळ रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. माझ्या बहिणीचा मुलगा तेव्हा दहा महिन्यांचा होता. त्यामुळे ठरलं की रंग ओलाच निघाला पाहिजे.

दुसरं कारण पितळेचं. पितळ मऊ असतं. रंगाबरोबर त्याची कातडीही निघते, आणि जे पाहायला आपण रंग काढतोय तेच जातं.

मुठी दारावरून काढतानाच घाई नडते. आधी मुठीच्या कडेने ब्लेड फिरवून रंगाची साय कापायची, नाहीतर मुठीबरोबर दारावरचे टवके येतात. स्क्रूच्या खाचेतला रंग ब्लेडच्या टोकाने पूर्ण उकरायचा, वर रॉकेलचा थेंब सोडून रात्रभर ठेवायचं. खाच साफ नसताना जोर लावला की स्क्रूचं डोकं खराब होतं आणि मग ड्रिल मशीनशिवाय इलाज नाही.

पुढचं काम डोंबिवलीच्या फ्लॅटच्या गॅलरीत झालं. स्टीलचं एक जुनं पातेलं कायमचं या कामाला दिलं. त्यात परत अन्न शिजवायचं नाही. चार लिटर पाणी, त्यात अर्धी वाटी धुण्याचा सोडा, आणि मुठी बुडवून मंद आच. खळखळ उकळी नको, बारीक बुडबुडे पुरेत. सोडा ऑइल पेंटमधल्या तेलाचा साबण करतो, त्यामुळे रंगाची धातूवरची पकड सुटते. पाऊण तासाने चिमट्याने मूठ बाहेर काढली आणि हातमोजे घालून बांबूच्या काडीने लोटलं, तर तिन्ही रंग ओल्या सालीसारखे एकत्र सुटले. नक्षीच्या खाचांत राहिलेलं जुन्या टूथब्रशने काढलं, आणि हट्टी जागांसाठी मूठ परत पातेल्यात. लोखंडी घासणी किंवा पटाशी लागली नाही. साली ओल्याच पिशवीत बांधल्या, आणि पाणी निवळू देऊन खालचा गाळ कापडाने गाळून त्याच पिशवीत टाकला.

रंग गेला तरी मूठ विचित्र दिसत होती. काही भाग चकचकीत, काही भाग काळपट, आणि त्यांच्या सीमेवर अळीने कुरतडल्यासारख्या तपकिरी रेघा. ही लॅकरची खूण. पितळ चकचकीत राहावं म्हणून विकण्याआधीच पारदर्शक लेप देतात. तो जिथे झिजतो तिथून हवा आत शिरते आणि लेपाखाली डाग सरकत जातो. खात्री करायची तर लिंबाचा एक थेंब टाकावा. उघडं पितळ मिनिटा-दोन मिनिटांत उजळतं, लॅकरखालचं तसंच राहतं. म्हणूनच पितांबरी कितीही घासली तरी अशा मुठी साफ होत नाहीत. ती पावडर आपल्या ठाण्याचीच, पण तिचं काम धातूवर आहे, लेपावर नाही.

लेप कोणता हे फडकं सांगतं. आधी स्पिरिटचं फडकं लावावं. चिकट झालं तर तो चपडा, म्हणजे लाखेचा लेप. आमच्या मुठीवर स्पिरिट चाललं नाही, थिनर चाललं. दहा मिनिटं थिनरचं फडकं गुंडाळून ठेवलं आणि लेप जेलीसारखा पुसला गेला. हे करताना गॅस बंद, खिडक्या उघड्या, आणि फडकी बाहेर पसरून वाळवायची. नव्या मुठींवर भट्टीत पक्का केलेला लेप असतो, त्याला थिनर पुरत नाही. तिथे पेंट रिमूव्हर लागतो, आणि तो बंद खोलीत वापरायची वस्तू नाही.

कुलूप मात्र पातेल्यात टाकायचं नाही. आत पोलादी स्प्रिंगा असतात, पाणी अडकलं की त्या गंजून तुटतात. झाकणाचे स्क्रू काढायच्या आधी आणि झाकण उचलल्यावर लगेच, दोन्ही वेळा मोबाईलने फोटो घेतला, कारण एकदा स्प्रिंग उडाली की कुठली पट्टी कुणावर होती ते आठवत नाही. फक्त पितळी झाकण आणि चावीच्या भोकाची पट्टी उकळली. आतलं रॉकेलने पुसलं, आणि तेलाऐवजी पेन्सिलच्या शिशाची पूड सोडली. तेलावर धूळ चिकटून काही दिवसांत चिखल होतो.

झाकणावर 'अलीगढ' असा ठसा निघाला. त्याहून फुफीला थांबवलं ते चावीच्या पट्टीने. भोकाभोवती बारीक अर्धगोल ओरखडे होते, शेकडो, सगळे उजवीकडे. चावी अंधारात चाचपडत लावली की असे उमटतात. फुफी म्हणाली, "अम्मीला शेवटी शेवटी दिसत नव्हतं. चावी मात्र ती कुणाला देत नव्हती."

जोडीतली दुसरी मूठ चुलतभावाने आधीच एका पॉलिशवाल्याकडून बफ मशीनवर करून आणली होती. ती सोन्यासारखी दिसते. तिच्या नक्षीच्या कडा गोल झाल्या आहेत आणि अंगठा टेकून पडलेला खळगा सपाट झाला आहे. दोन्ही शेजारी ठेवल्यावर भाऊ काही बोलला नाही.

काळपटपणा घालवायला मी चिंच-मीठ वापरलं, पाच मिनिटं, मग साध्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं केलं. जास्त वेळ ठेवलं तर पितळावर गुलाबी डाग येतात. आम्ल पितळेतलं जस्त आधी ओढून घेतं आणि वर तांबं उरतं. डाग वरवरचा असेल तर पावडरने जातो, खोल गेला तर धातूच पोकळ झालेला असतो. चावीच्या पट्टीला मी चिंचही लावली नाही.

नवा लेप द्यायचा का, यावर घरात वाद झाला. उघडं पितळ आपल्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, काही दिवसांत मळकं होतं. पण रोज हात लागतो तिथे ते आपोआप उजळ राहतं, कोपऱ्यांत गडद होतं, आणि मला तेच बरं वाटतं. मूठ आता फुफीच्या खोलीला आहे. कुलूप मात्र बसलं नाही. ते जाड सागवानासाठी केलेलं, आणि फ्लॅटच्या फ्लश दारात तेवढी खाच पाडली तर लाकूडच उरत नाही. फुफीने ते कपाटात ठेवलंय, चावीसकट.