अलर्ट वाजल्यावर आधी काय पाहायचं

आमच्या टीमच्या रनबुकमध्ये दूध संकलनाच्या अलर्टसाठी एक पान आहे. त्याची पहिली ओळ अशी आहे : ‘जॉब पुन्हा चालवू नका.’ ती ओळ मी लिहिली, कारण त्या रात्री मी जॉब पुन्हा चालवला होता.

मे महिन्यातली गोष्ट. आम्ही एका दूध संघाचा डेटा सांभाळत होतो. गावोगावच्या संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध येतं. यंत्रावर फॅट आणि एसएनएफ मोजले जातात आणि शेतकऱ्याच्या हातात पावती पडते. तीच नोंद केंद्रातल्या संगणकावरून शीतकरण केंद्रात आणि तिथून फाईलच्या रूपात आमच्याकडे येते. संध्याकाळच्या संकलनाच्या फाईली उचलून टेबलात भरणारा जॉब रात्री दोनला चालायचा. एकूण ३४० केंद्रं आणि एका वेळेच्या साधारण १८,००० नोंदी, म्हणजे एका केंद्रामागे ५३च्या आसपास. दर दहा दिवसांनी याच टेबलावरून शेतकऱ्यांची बिलं निघत.

त्या रात्री ड्यूटी माझी होती. सव्वादोनला फोन वाजला. अलर्टमध्ये एवढंच लिहिलेलं, की नोंदी ११,४८० आहेत आणि किमान १५,००० हव्यात. तारीख दहा होती. म्हणजे दहा दिवसांचा हिशोब त्या संध्याकाळी पूर्ण होत होता आणि सकाळी आठला बिलं निघणार होती. मी लॉग उघडला. जॉब कुठेही अडखळला नव्हता, लाल ओळ एकही नव्हती. जॉब व्यवस्थित संपला आणि नोंदी मात्र कमी, तेव्हा कुठेतरी काहीतरी अर्धवट राहिलं असेल, असं वाटून मी तो पुन्हा चालवला. पाच मिनिटांत अलर्ट बंद झाला. मी झोपले.

सकाळी दहाला संघाच्या लेखा विभागातल्या काकांचा फोन आला. त्यांच्या समोर एका शेतकऱ्याचं बिल होतं. त्याच्याकडे एकच गाय, संध्याकाळी साडेसहा लिटर दूध. बिलात दहा तारखेच्या संध्याकाळी त्याच्या नावावर तेरा लिटर होतं. काका म्हणाले, ‘‘ताई, गाय एका रात्रीत दुप्पट दूध देत नाही.’’ शेजारच्या गावातल्या दुसऱ्या शेतकऱ्याच्या बिलात मात्र त्या संध्याकाळची ओळच नव्हती.

आमचा जॉब टेबलात फक्त भर घालायचा. आधीच्या नोंदी काढून नव्या टाकणं त्याला शिकवलेलंच नव्हतं. मी दुसऱ्यांदा चालवल्यावर त्याने त्याच फाईली पुन्हा वाचल्या आणि ११,४८०च्या २२,९६० नोंदी झाल्या. अलर्टला खालची मर्यादा होती, वरची नव्हती. २२,९६० हा आकडा १५,०००पेक्षा मोठा, म्हणून त्याच्या दृष्टीने सगळं ठीक झालं. मूळ बिघाड तसाच राहिला, त्यावर मी दुसऱ्याची भर घातली, आणि त्याबद्दल ओरडणारा एकमेव आवाजही बंद केला.

मूळ बिघाड आमच्याकडचा नव्हताच. संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला होता आणि तीन शीतकरण केंद्रांचं इंटरनेट गेलं होतं. त्यांच्याखालच्या १२३ केंद्रांच्या फाईली सकाळी साडेसहाला येऊन फोल्डरमध्ये पडल्या होत्या. रात्री सव्वादोनला करण्यासारखं एकच काम होतं : ‘सगळा डेटा येईपर्यंत बिलं काढू नका’ असा निरोप लेखा विभागाला देणं.

हे मला तेव्हाच कळलं असतं. टेबलाला एकच प्रश्न नीट विचारायला हवा होता. आज तो रनबुकच्या दुसऱ्या ओळीत आहे :

```sql
SELECT collection_date,
       COUNT(DISTINCT centre_id) AS centres,
       COUNT(*) AS row_count,
       MAX(loaded_at) AS last_load
FROM milk_collection
WHERE shift = 'E'
  AND collection_date BETWEEN '2023-05-03' AND '2023-05-10'
GROUP BY collection_date
ORDER BY collection_date;
```

त्या रात्री मी हे विचारलं असतं, तर शेवटच्या तीन ओळी अशा दिसल्या असत्या :

```
collection_date  centres  row_count  last_load
2023-05-08       340      18021      2023-05-08 20:34
2023-05-09       339      17964      2023-05-09 20:33
2023-05-10       217      11480      2023-05-10 20:35
```

इथे आधी केंद्रांचा आकडा पाहायचा, नोंदींचा नंतर. ३४०ऐवजी २१७ केंद्रं आहेत. ११,४८०ला २१७ने भागलं तर ५३च्या जवळ येतं, म्हणजे जी केंद्रं आली ती पूर्ण आली. उरलेली आलीच नाहीत. बिघाड आपल्या दाराबाहेर आहे आणि जॉब कितीही वेळा चालवला तरी न आलेली फाईल त्यातून निघणार नाही. आता हाच भागाकार माझ्या रीरननंतरच्या आकड्यांवर करा. केंद्रं तीच २१७, नोंदी २२,९६०, म्हणजे केंद्रामागे १०६. दुप्पट झाल्याचं तिथेच उघड होतं. एकूण नोंदींच्या आकड्यात ते लपलं होतं.

केंद्रं सगळी आहेत पण केंद्रामागच्या नोंदी घटल्या आहेत, असं दिसलं तर शोध आत घ्यायचा. असं आमच्याकडे नंतर एकदा झालं. एका शीतकरण केंद्रातल्या नव्या ऑपरेटरने फाईल पाठवण्यापूर्वी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली. सभासद क्रमांक 0047 होता, त्याचा 47 झाला. सभासदांच्या मुख्य यादीत 47 नावाचा कोणी नाही, त्यामुळे जोडणी करताना त्या नोंदी मुकाट्याने गळून पडल्या. केंद्र हजर होतं, कारण तिथल्या हजारापुढच्या क्रमांकांना काहीच झालं नव्हतं. म्हणून रनबुकमध्ये पुढची ओळ आहे, की फाईलमधल्या ओळी आणि टेबलातल्या ओळी एका केंद्रापुरत्या हाताने मोजून पाहा. एकच केंद्र पुरतं.

आणि सगळ्या केंद्रांत सारखीच थोडी घट असेल, तर ती खरीही असू शकते. कोजागरीला लोक दूध घरी ठेवतात. अशा दिवशी अलर्ट वाजला तर दुरुस्त करण्यासारखं काहीच नसतं, आणि हे ओळखणं मला सगळ्यांत अवघड वाटतं, कारण फोन वाजला की हात काहीतरी करायला शिवशिवतात.

last_loadचा स्तंभ वाचताना नवे लोक नेहमी दचकतात. आमचा सर्व्हर यूटीसीवर चालतो. तिथले २०:३५ म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे दोन वाजून पाच मिनिटं. साडेपाच तास मिळवायचे. या फरकामुळे एक सहकारी चांगलाच फसला होता. त्याने तारखेच्या जागी CURRENT_DATE लिहिलं होतं. पहाटे पाचला आकडे दिसत होते, सहाला तीच क्वेरी रिकामी आली. साडेपाचला सर्व्हरची तारीख बदलली होती, डेटाला काहीही झालं नव्हतं. त्याने मात्र टेबल उडालं म्हणून दोघांना उठवलं. तेव्हापासून तारीख हाताने लिहायची, असं पानावर ठळक अक्षरांत आहे.

आता त्या सकाळच्या साफसफाईबद्दल, कारण तिथे आणखी एक चूक होता होता राहिली. दुप्पट झालेल्या नोंदी काढायच्या होत्या. मी घाईने ठरवलं, की सभासद, तारीख आणि वेळ या तिन्ही गोष्टी सारख्या असतील तर एकच नोंद ठेवायची. काका फोनवरच होते. मी काय करणार हे त्यांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, ‘‘थांबा. गाय आणि म्हैस दोन्ही असलेला माणूस एकाच वेळी दोन पावत्या घेतो.’’ माझा नियम चालवला असता तर दारात म्हैसही असलेल्या प्रत्येकाच्या दोनपैकी एका दुधाचे पैसे गेले असते, आणि तेही बिनबोभाट, कारण उरलेला आकडा खराच दिसला असता. शेवटी आम्ही नोंदी सभासदावरून काढल्याच नाहीत. प्रत्येक रनचा load_id टेबलात होता. माझ्या रीरनचा शोधून तेवढ्याच नोंदी काढल्या, पुन्हा मोजलं, ११,४८० आले. मग सकाळी आलेल्या १२३ केंद्रांच्या फाईली वेगळ्या भरल्या. दुपारी बिलं पुन्हा काढली. पैसे अजून कोणाच्या खात्यात गेले नव्हते, म्हणून निभावलं.

पुढच्या आठवड्यात जॉब बदलला. आता तो त्या तारखेच्या, त्या वेळेच्या, त्या केंद्राच्या नोंदी आधी काढतो आणि मग नव्या भरतो, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे मध्येच बंद पडला तरी टेबल अर्धं रिकामं राहत नाही. अलर्टला वरची मर्यादा लावली आणि त्याच्या मजकुरात नोंदींसोबत केंद्रांचा आकडाही टाकला. आज जॉब दोनदा चालवला तरी नोंदी दुप्पट होत नाहीत. तरीही ‘पुन्हा चालवू नका’ ही ओळ मी काढू दिलेली नाही. टीममध्ये त्यावर वाद झाला, तेव्हा मी एवढंच म्हटलं, की आपल्याकडे अजून अकरा जॉब आहेत आणि त्यांतले सगळे बदललेले नाहीत. रात्री दोनला अर्धवट झोपेत कोणता बदललाय आणि कोणता नाही हे कोणाला आठवणार?

पानाची शेवटची ओळ काकांच्या सांगण्यावरून आली. या टेबलावर पुढे काय, कधी अवलंबून आहे ते तिथे लिहिलेलं आहे : दहा, वीस आणि महिनाअखेरच्या रात्रीनंतर सकाळी आठला बिलं. इतर रात्री अपुरा डेटा सकाळपर्यंत थांबू शकतो. या तीन रात्री मात्र साडेसातच्या आत लेखा विभागाला निरोप गेलाच पाहिजे, कारण सापडलं असो वा नसो.

मागच्या पावसाळ्यात वीस तारखेच्या रात्री आमचा सगळ्यांत नवा मुलगा ड्यूटीवर होता. सकाळी उठून मी ग्रुप पाहिला. २:४१ला त्याने लिहिलं होतं : ‘केंद्रं २९८, केंद्रामागे ५३. ४२ केंद्रांच्या फाईली आलेल्या नाहीत, सगळी एकाच शीतकरण केंद्राखालची. जॉब पुन्हा चालवलेला नाही. बिलं थांबवायला काकांना मेसेज टाकला आहे, साडेसहाला फोनही करतो.’ त्याखाली ६:३३ची ओळ होती : ‘काकांशी बोललो. फाईली येईपर्यंत बिलं थांबवली आहेत.’