गड्ड्याला येतोय



इतक्या वर्षांनी माझा मेसेज बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे, काही मागायचं नाही. हे लिहायच्या आधी मी घरात सांगितलंय, आणि लिहून झाल्यावर नवऱ्याला वाचूनही दाखवणार आहे. तूही वहिनींना दाखव. दाखवता येणार नाही असं यात काही येऊ द्यायचं नाही, हे ठरवूनच बसलेय. 'तू' मात्र ठेवलंय. 'तुम्ही' लिहून बघितलं, तर एखाद्या दुकानदाराला माल पाठवायला सांगतेय असं वाटायला लागलं.

निमित्त सांगते. गेल्या जानेवारीत इथे भिवंडीत टीव्हीवर अक्षता सोहळा बघत होते. संमती कट्ट्याजवळ ती एवढी गर्दी, सगळीकडे पांढऱ्या बाराबंद्या, आणि एका नंदीध्वजाखाली तू. पाठमोरा होतास, तरी चालण्यावरून ओळखलं. ध्वज तुझ्याकडे नव्हता, एका पोरसवदा मुलाकडे होता आणि तू बाजूनं हात देत होतास. तुझाच मुलगा असणार. कमरेच्या पट्ट्यात काठी रोवून तो ज्या पद्धतीनं मान वर करून शेंड्याकडे बघत होता, ते सराव केल्याशिवाय येत नाही. यात्रेच्या आधी तू रात्री सरावाला जायचास आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयात कंबर धरून बसायचास, ते आठवलं.

हिराचंद नेमचंद वाचनालयात मी सगळ्यांपासून लांब, खिडकीजवळ का बसते, असं तू विचारलं होतंस. तंबाखूच्या वासामुळे. आईबरोबर सकाळी विड्या वळून, कारखान्यात देऊन मग मी यायची. हात कितीही धुतले तरी नखांत राहायचंच. तुझं घर भुसार मालाचं, तुला हे काहीच माहीत नव्हतं आणि सगळं जाणून घ्यायचं होतं. मग मी एकदा वहीचा कागद घेऊन दाखवलं : तेंदूचं पान आधी भिजवून ओल्या फडक्यात ठेवायचं, पत्र्याचा तुकडा वर धरून कात्रीनं एका मापाचं कापायचं, चिमटीनं तंबाखू पसरायची, वळायचं, खालच्या टोकाला सूत बांधायचं आणि वरचं तोंड नखानं दाबून मिटायचं. पंचवीसचा एक कट्टा. हजार झाल्या की हिशोब. त्यातही कारखान्यातला माणूस बोटानं चाचपून 'ही सैल, ही आखूड' म्हणत बाजूला काढायचा, ती छाट. छाटीचे पैसे नाहीत, पण पान आणि तंबाखू आपल्या खात्यात धरलेलीच. हे सांगताना मी तेलुगूत मोजत होते आणि तू हसला होतास, कारण तूही पैसे कन्नडातच मोजायचास.

सोलापुरात हे काही नवल नव्हतं. पूर्व भागात आम्ही पद्मशाली घरात तेलुगू बोलणारे, तुमच्याकडे कन्नड, आणि रस्त्यावर, शाळेत, रिक्षात मराठी. पण तुझं-माझं मराठी जरा निराळं होतं. शाळेत शिकलेलं, पुस्तकातलं, वर 'काय करलालास' असला गावचा मसाला. त्या भाषेत आपल्याला कधी कुणी मारलं नव्हतं, अंगाई म्हटली नव्हती, देवाला नवस बोलला नव्हता. म्हणून मोकळं वाटायचं, कदाचित. रागावलो की मात्र मी तेलुगूत पुटपुटायची आणि तू कन्नडात. समोरच्याला कळायचं नाही, त्यामुळे भांडण फार लांबायचंही नाही. ही सोय मला पुढे संसारात कधी मिळाली नाही, हे ऐकताना माझा नवरा हसणार आहे.

आता एक गोष्ट, जी सांगायची राहिली होती. तू आमच्या घरी आलास, तेव्हा बाबा मागावर होते. त्यांनी माग थांबवला, तुला मराठीत 'कुणाकडचा?' विचारलं, पाणी द्यायला लावलं, आणि मग आईकडे वळून तेलुगूत बराच वेळ बोलले. बाहेर आल्यावर तू विचारलंस काय म्हणाले, तर मी 'नको म्हणतात' एवढंच सांगितलं. ते म्हणाले होते, 'पोरगा चांगला आहे. पण आपल्या घरात हा कुणाशी बोलणार? आणि त्याच्या घरात आपली पोरगी?' तेव्हा मला तो बहाणा वाटला होता. बाकीचं, जातीचं वगैरे, त्यात होतंच, ते काही मी झाकत नाही. पण बाबांनी तुला नालायक ठरवलं नव्हतं, हे तुला कळायला हवं असं मला वाटत आलंय. तुझ्या घरात काय बोलणं झालं ते कन्नडात झालं असेल. ते मी विचारत नाही.

बाबा गेले. आई कुंभारीला असते, गोदूताई परुळेकर घरकुलात. विडी कामगार बायकांची ती दहा हजार घरं २००६ साली झाली ना, त्यातलं एक तिला मिळालं. स्वतःच्या नावावर घर झाल्यापासून ती कुणाचंच ऐकत नाही. इथे सासरीही मागच आहेत, भिवंडीत आमची माणसं पुष्कळ, त्यामुळे खडखडाट सुटला नाही. मुलगी बारावीला आहे. ती मराठी आपल्यापेक्षा सहज बोलते आणि माझं मराठी 'पुस्तकी' म्हणून चिडवते.

तर सांगायचं असं की, या वेळी आम्ही गड्ड्याला येतोय. कल्याणहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरून बारा जानेवारीला सकाळी पोचू, आईकडे उतरू. तेराला अक्षता, चौदाला होम, पंधराला शोभेचं दारूकाम बघून परत. मुलीला अक्षता बघायचीच आहे. तिला मी गोष्ट सांगितली : कुंभाराच्या मुलीला सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं होतं, ते योगी, म्हणून तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं, आणि सोलापूर अजून दरवर्षी त्याच लग्नाच्या अक्षता टाकतं. ती म्हणाली, 'म्हणजे तिला नकारच मिळाला ना?' मी म्हटलं, हो, पण वऱ्हाड केवढं मोठं मिळालं बघ. तुझ्याकडूनच ऐकलेली गोष्ट आहे ही. तिथे मंत्र म्हणायचे तेव्हा तू शेजारी उभं राहून मला मराठीत अर्थ सांगायचास, त्यामुळे तिला तुझं नावही सांगितलं, 'कॉलेजच्या वेळचा मित्र' म्हणून. खोटं नाही ते.

तेराला तू नंदीध्वजाच्या मागे असशील, तेव्हा हाक मारणार नाही. ध्वज धरलेला मुलगा दचकेल. चौदाला दुपारी तुम्हाला घरी वेळ असेल तर आम्ही तिघं येऊन जाऊ, अर्धा तास. वहिनींना चालत असेल तरच, आणि नसेल तर काही उत्तर देऊ नकोस, मी समजेन आणि मनात काही धरणार नाही. यायचं झालं तर जेवण नको, आई आधीच कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून ठेवणार आहे. घराचा पत्ता तोच आहे की बदलला, तेवढं कळव. फोन करायचा तर संध्याकाळी सातनंतर कर. दिवसभर मागांच्या आवाजात काही ऐकू येत नाही.