दोन आठवड्यांचा नियम

आमच्या शाळेत या दिवाळीच्या सुट्टीआधी तीन दिवसांचं फोटोग्राफीचं शिबिर झालं. शिकवायला बाहेरून एक सर आले होते. नववीच्या मुलांनी जोड्या करून एकमेकांचे फोटो काढायचे, मोबाइलवरच नीट करायचे आणि शेवटच्या दिवशी भिंतीवर लावायचे, असं ठरलं होतं. माझं काम फक्त मागच्या बाकावर बसून लक्ष ठेवण्याचं.

दुसऱ्या दिवशी एका मुलीने मैत्रिणीचा तयार फोटो तिच्यापुढे मोठ्या प्रेमाने धरला. चेहरा गोरा, गुळगुळीत. हनुवटीवर लहानपणी पडल्याची खूण होती, तीही गायब. मैत्रीण बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मी एवढी वाईट दिसते का गं?"

सरांनी सगळ्यांना मोबाइल खाली ठेवायला सांगितले. दहा मिनिटंच बोलले असतील.

"दोन आठवड्यांनी जे आपोआप जाणार आहे ते पुसा. पुटकुळी, डासाचा चावा, विस्कटलेला केस. जे राहणार आहे ते राहू द्या. तीळ, व्रण, नाकाचा आकार, रंग. हा नियम मी बनवलेला नाही, फोटोवाल्यांत जुना आहे. व्रण नकोच असेल तर ते ज्याचा चेहरा आहे त्याने सांगायचं. तुम्ही न विचारता पुसलात तर तुम्ही त्याला काय सांगितलंत, ते आत्ता ऐकलंत."

एका मुलाने विचारलं, "सर, पण ती फोटोत खरंच काळी आली होती. प्रत्यक्षात तेवढी नाहीये."

मला वाटलं, सर चिडतील. ते खुश झाले. मूळ फोटो त्यांनी पडद्यावर लावला. मुलगी खिडकीला पाठ करून उभी होती, मागे ऊन, अंगावर गणवेशाची पांढरी ओढणी. सर म्हणाले, "कॅमेऱ्याला माणूस कळत नाही, उजेड कळतो. एवढा पांढरा भाग दिसला की तो सगळा फोटोच अंधारा करतो. ही चूक कॅमेऱ्याची. ती दुरुस्त करणं खोटेपणा नाही." मग त्यांनी तिला खिडकीकडे तोंड करून उभं केलं, पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून उजेड ठरवला आणि पुन्हा फोटो काढला. दुरुस्तीला फारसं काही उरलंच नाही.

"आणि जुनाच फोटो ठेवायचा असेल तर किती उजळायचा?" त्यांनीच पुढे विचारलं. "ओढणीकडे बघा. तिच्या चुण्या दिसतायत तोवर ठीक. चुण्या जाऊन नुसता पांढरा ठिपका उरला, म्हणजे तुम्ही जास्त केलंत. आणि नुसता चेहरा उजळलात तर हात चुगली करतात. चेहरा एका माणसाचा, हात दुसऱ्याचा."

नाकाचंही तसंच. हातभर अंतरावरून मोबाइलने फोटो काढला की नाक मोठं येतं, कारण ते कानांपेक्षा कॅमेऱ्याच्या बरंच जवळ असतं. मुलं मग ते बोटाने दाबून बारीक करतात आणि मागची दाराची चौकट वाकते. सर म्हणाले, पाच-सहा फूट मागे जा, थोडा झूम करा, नाक जागेवर येईल. डाग पुसतानाही फोटो मोठा करून रंध्रारंध्रावर बसू नका. दोन डाग पुसले की पूर्ण चेहरा बघा. नाहीतर कातडी प्लॅस्टिकची होते आणि कधी झाली ते कळतही नाही.

त्या मुलीने पहिल्यापासून पुन्हा केलं. कपाळावरची एक पुटकुळी पुसली, बाकी काही नाही. व्रणाचं मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "राहू दे. सायकलवरून पडले होते, अब्बूंनी शिकवताना हात सोडला होता." वर्ग हसला.

मला मात्र माझ्या रिश्त्याच्या वेळचा फोटो आठवत होता. स्टुडिओवाल्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यानेच भलेपणाने मला दोन छटा उजळ केलं होतं. अम्मी खुश झाली होती. बघायला आलेल्या बाईंनी आधी हातातल्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा फोटोकडे. "फोटोत तर..." एवढंच म्हणाल्या आणि चहा प्यायला लागल्या. त्या घरून नंतर निरोप आला नाही. मी कित्येक वर्षं समजत होते की खोट माझ्यात होती.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी तो फोटो कपाटातून काढला. अंगावर पांढरा दुपट्टा आहे. खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला. त्याला एकही चुणी नाही.