सोलापूरचा वाहनपरवाना आणि जर्मनीतील सहा महिने

परदेशात वाहन चालवण्याचा अधिकार कशातून मिळतो, याविषयी सोलापूरहून बाहेर पडणाऱ्या बहुतेकांची समजूत एकच असते. आंतरराष्ट्रीय परवाना काढला की वर्षभर काळजी नाही, असे ते धरून चालतात. वस्तुतः अधिकार देणारा दस्तऐवज मूळ भारतीय परवानाच असतो. आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे त्या मूळ परवान्यातील मजकूर अनेक भाषांत मांडणारी, शासनाने प्रमाणित केलेली पुस्तिका असते. मूळ कार्ड जवळ नसेल तर तिला स्वतंत्र अर्थ उरत नाही, आणि ज्या देशात ती निघाली त्या देशात ती चालतही नाही. हा फरक व्यवहारात कुठे अडवतो, हे प्रस्तुत लेखकाला सोलापूरहून जर्मनीतील श्टुटगार्ट येथे नोकरीसाठी स्थलांतर केल्यावर कळले.

सोलापूर परिवहन कार्यालयाचा संकेतांक एमएच १३ असून अकलूजच्या कार्यालयामुळे जिल्ह्याच्या काही भागातील वाहनांवर एमएच ४५ दिसतो. अर्जदाराने आपल्या पत्त्याच्या हद्दीतील कार्यालयाकडेच अर्ज करायचा असतो. sarathi.parivahan.gov.in या संकेतस्थळावर नमुना 4-अ भरून, वैध परवाना, पारपत्र आणि 1,000 रुपये शुल्क यांसह तो दाखल होतो. पूर्वी व्हिसाची प्रत आणि वैद्यकीय प्रमाणपत्रही मागितले जाई. जानेवारी 2021 च्या अधिसूचनेने, परदेशात असताना मुदत संपलेल्यांना वकिलातीमार्फत अर्ज करण्याची वाट मोकळी केली आणि भारतात अर्ज करणाऱ्यांसाठीच्या या दोन्ही अटी काढून टाकल्या. ऑगस्ट 2022 मध्ये केंद्र शासनाने देशभर एकच आकार, रंग आणि नमुना ठरवला व मूळ परवान्याशी जोडणारा क्यूआर संकेत पुस्तिकेवर आणला. तोवर राज्याराज्यांच्या पुस्तिका वेगवेगळ्या दिसत आणि परक्या देशातील पोलिसाला त्यांची खात्री पटणे अवघड जाई. मुदत एक वर्ष किंवा मूळ परवान्याची उरलेली मुदत, यांपैकी जी आधी संपेल ती असते.

ही पुस्तिका 1949 च्या जिनिव्हा रस्ते वाहतूक कराराच्या आधारे निघते. कोणता देश कोणत्या कराराचा सदस्य आहे, यावर तिची उपयुक्तता ठरते. जपान केवळ 1949 च्या नमुन्याचीच पुस्तिका मानतो, म्हणून भारतीय प्रवाशाची तिथे सोय होते. चीन कोणतीही आंतरराष्ट्रीय पुस्तिका मानत नाही. जर्मनी 1949 च्या कराराची सदस्य नाही, त्यामुळे तिथे भारतीय परवाना चालतो तो जर्मनीच्या स्वतःच्या परवाना-नियमावलीच्या बळावर. मूळ कार्ड इंग्रजीत असले तरी त्या नियमावलीच्या दृष्टीने ते परभाषेतीलच असते, आणि त्यासोबत अधिकृत जर्मन अनुवाद बाळगणे हाच निर्धोक मार्ग ठरतो; एडीएसी या तिथल्या मोटारचालक संघटनेकडूनही तो करून मिळतो.

खरी मेख मुदतीत आहे. पर्यटक आणि रहिवासी यांच्यासाठीचे नियम वेगळे असतात आणि जर्मन नियमावली रहिवाशाला परदेशी परवान्यावर केवळ सहा महिने वाहन चालवू देते. हे सहा महिने पुस्तिकेच्या तारखेपासून मोजले जात नाहीत; ज्या दिवशी त्या देशात नेहमीचे वास्तव्य सुरू होते त्या दिवसापासून ते सुरू होतात, आणि नगरपालिकेतील पत्तानोंदणी हा त्याचा सर्वांत सोयीचा पुरावा मानला जातो. एखाद्याने 20 सप्टेंबरला सोलापुरात पुस्तिका काढली आणि 1 ऑक्टोबरला श्टुटगार्टमध्ये राहायला सुरुवात केली, तर पुस्तिकेवर पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंतची मुदत छापलेली असते. परंतु मार्चअखेर त्याचा वाहन चालवण्याचा अधिकार संपलेला असतो. एकूण वास्तव्य बारा महिन्यांहून अधिक होणार नाही असे दाखवता आले, तर ही मुदत आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवून मिळू शकते. कायमच्या नोकरीवर गेलेल्याला तो मार्ग मिळत नाही. मुदतीनंतर गाडी चालवणे हा विनापरवाना वाहन चालवण्याचा फौजदारी गुन्हा ठरतो, त्यास एक वर्षापर्यंतच्या कारावासाची किंवा दंडाची तरतूद आहे, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी दिलेली भरपाई काही मर्यादेपर्यंत चालकाकडून वसूल करू शकते. परवाना बदलून घेण्यासाठी अर्ज दिला म्हणून ही मुदत थांबत नाही, ही बाब तिथल्या मराठी कुटुंबांतही पुष्कळांना ठाऊक नसते. अर्जाच्या छाननीला आठवडे, काही ठिकाणी महिने लागतात आणि परीक्षेची वेळ त्यानंतरच मिळते. म्हणून पहिल्या महिन्यात अर्ज करणाऱ्यालासुद्धा मधला काही काळ बस आणि रेल्वेवर काढावा लागण्याची शक्यता राहते, आणि प्रस्तुत लेखकाच्या वाट्याला तो काळ आला.

परवाना बदलून घेणे हा शब्दप्रयोग ऐकून एक कार्ड देऊन दुसरे घ्यायचे असे वाटते. जपान, दक्षिण कोरिया किंवा अमेरिकेतील काही राज्ये यांच्या परवानाधारकांच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे, कारण त्यांची नावे जर्मन नियमावलीच्या अकराव्या परिशिष्टात आहेत. भारताचे नाव त्या परिशिष्टात नसल्याने भारतीय परवानाधारकाला लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. नवशिक्याला सक्तीचे असणारे वर्ग आणि ठरावीक तासांचे प्रशिक्षण मात्र त्याला माफ असते, आणि जुन्या परवान्याचा खरा लाभ तेवढाच होतो.

अर्जासोबत मूळ परवाना, त्याचा अनुवाद, पत्तानोंदणीचा दाखला, दृष्टितपासणीचे प्रमाणपत्र, छायाचित्र आणि प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. हे प्रशिक्षण 45 मिनिटांच्या नऊ तासिकांचे, म्हणजे पूर्ण दिवसाचे असते. छाननीत सर्वाधिक लक्ष तारखांकडे दिले जाते, कारण जर्मनीत वास्तव्य असताना मिळवलेला परदेशी परवाना तिथे मुळीच मानला जात नाही. भारतीय कार्डावर कार्डाची तारीख आणि प्रत्येक वाहनवर्गासमोरची तारीख अशा निरनिराळ्या तारखा असतात. पत्ता बदलून किंवा हरवल्यामुळे नवे कार्ड घेतलेले असेल तर कार्डाची तारीख अलीकडची दिसते आणि अधिकाऱ्याच्या मनात शंका येते. ‘एलएमव्ही’ या वर्गासमोरची जुनी तारीख अनुवादात स्पष्ट आली, तर ती शंका फिटते. त्यातूनही प्रश्न उरला तर परिवहन कार्यालयाच्या नोंदीतील परवान्याचा उतारा मागवावा लागतो, आणि तो सोलापुरात असतानाच काढून ठेवणे फार सोपे जाते. भारतात ‘एलएमव्ही’ हा वर्ग 7,500 किलोग्रॅम एकूण वजनापर्यंतच्या वाहनांचा आहे, तर जर्मनीचा ‘बी’ हा वर्ग 3,500 किलोग्रॅमवर थांबतो. त्यामुळे सोलापुरात टेम्पो चालवणाऱ्यालाही ‘बी’ मिळतो तो मोटारीपुरताच.

लेखी परीक्षेत 30 प्रश्न असतात. प्रत्येक चुकीला प्रश्नाच्या गांभीर्यानुसार दोन ते पाच दोषगुण दिले जातात आणि दहापर्यंत दोषगुण चालतात. परंतु पाच दोषगुणांचे दोन प्रश्न चुकले, तर बाकी सारे बरोबर असूनही उमेदवार अनुत्तीर्ण ठरतो. ही परीक्षा इंग्रजीतून देता येते. मराठी किंवा हिंदी यादीत नाही. प्रत्यक्ष परीक्षा मात्र जर्मनमध्ये होते, निदान ‘पुढे डावीकडे वळा’, ‘सोयीच्या जागी थांबा’ एवढ्या सूचना तरी समजाव्या लागतात.

प्रत्यक्ष परीक्षा वाहनचालन शाळेच्याच गाडीत, प्रशिक्षक शेजारी बसलेला असताना द्यावी लागते, आणि ती एकूण 55 मिनिटांची असते. रस्त्याची बाजू बदलल्याची अडचण सर्वांना अपेक्षित असते, आणि ती काही तासांत सवयीने सुटते. अनुभवी चालकाला नडतात त्या न दिसणाऱ्या सवयी. सोलापुरातील सात रस्ता किंवा पार्क चौकात पुढे कोणी जायचे, हे वाहनांच्या हालचालीवरून आणि चालकांच्या नजरेवरून ठरते. कोणी किंचित पुढे सरकतो, दुसरा थांबतो आणि चौक वाहता राहतो. जर्मनीत हा प्रश्न चौकात पोहोचण्यापूर्वीच सुटलेला असतो. पिवळ्या चौकोनाची पाटी असेल तर आपला अग्रक्रम, उलट्या त्रिकोणाची असेल तर समोरच्या रस्त्याचा, आणि कोणतीच पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा. निवासी भागातील अरुंद गल्लीतून आलेली मोटारसुद्धा उजवीकडून येत असेल तर तिचा हक्क पहिला, आणि तिच्यासाठी वेग कमी करून मान वळवून पाहिले नाही, तर परीक्षक तिथेच परीक्षा संपवू शकतो. उलट, आपला अग्रक्रम असताना सोलापुरी सौजन्याने थांबून दुसऱ्याला हात दाखवणे हीदेखील चूकच, कारण त्यामुळे मागचा चालक गोंधळतो.

आरशांचेही तसेच आहे. वळण्यापूर्वी किंवा मार्गिका बदलण्यापूर्वी आरसा पाहून शिवाय खांद्यावरून मागे पाहावे लागते. आरशात न दिसणारा सायकलस्वार त्या कोपऱ्यात असतो, म्हणून ही अट आहे. सायकलस्वाराला ओलांडताना शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर ठेवणे बंधनकारक असते. शहरात हॉर्न केवळ धोक्याच्या वेळी वाजवायचा, आणि द्रुतगती मार्गावर उजव्या बाजूने पुढे जायचे नाही. वर्षानुवर्षे गाडी चालवलेल्या माणसाने प्रशिक्षकासोबतचे काही तास स्वखुशीने घ्यावेत, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे, कारण जुन्या सवयीतील दोष स्वतःला दिसत नाहीत आणि परीक्षेत नापास झाल्यास शुल्क व प्रतीक्षा दोन्ही पुन्हा सोसावी लागतात. ही परीक्षा स्वयंचलित गिअरच्या गाडीवर दिली आणि हाताच्या गिअरचे वेगळे प्रशिक्षण घेतले नसेल, तर कार्डावर 78 हा संकेत पडतो आणि हाताने गिअर टाकायची गाडी चालवण्याचा अधिकार जातो. भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांचा विचार करता हा तोटा लहान नाही.

नवे कार्ड हाती पडते ते जुने कार्ड जमा केल्यावरच. जर्मन कार्यालय भारतीय परवाना ठेवून घेते, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंची स्वच्छ प्रत आधीच काढून ठेवावी. सुटीत सोलापूरला आल्यावर ‘कार्ड हरवले’ असे लिहून देऊन दुसरी प्रत काढण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. ते खोटे निवेदन असते आणि तो सल्ला कोणीही मानू नये. भेटीपुरती गाडी चालवायची असेल तर जर्मनीत तिथली आंतरराष्ट्रीय पुस्तिका काढता येते.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला असून श्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी आहे. त्या वाटेने जाणाऱ्या तरुणांनी निघण्यापूर्वी आपल्या परवान्याची मुदत तपासावी, वाहनवर्गाच्या तारखा नीट दिसतात ना ते पाहावे, परिवहन कार्यालयातून परवान्याचा उतारा घ्यावा, आणि पत्तानोंदणी झाली त्याच आठवड्यात परवाना बदलण्याचा अर्ज द्यावा.