रात्री साडेआठची पाहुणी

आमच्या घरी एक गोष्ट रोज रात्री साडेआठला येते. अंगाने लहान, फार तर आठ मिनिटांची, पण स्वभावाने हट्टी. कालचा एखादा शब्द आज बदलला की ती रुसते, आणि तिच्या वतीने माझी अडीच वर्षांची नात मला टोकते. तिला खलनायक चालत नाही, सिंहाची डरकाळी चालत नाही. ‘मग पुढे काय झालं असेल, सांग बरं?’ असे शिकवणीचे प्रश्न तर मुळीच चालत नाहीत. कूळ विचाराल तर ती टांझानियाची, तरांगिरे नदीकाठची. तिथे १९९३ साली मोठा दुष्काळ पडला होता. त्या दुष्काळातलं जे दोन-अडीच वर्षांच्या मुलाला झेपेल तेवढंच बरोबर घेऊन ती आमच्याकडे आली आहे.

तिच्यात माणसं नाहीत. गब्दू नावाचं दीड वर्षाचं हत्तीचं पिल्लू आहे, त्याची आई आहे, चार मावश्या आहेत आणि सगळ्यांच्या पुढे चालणारी आजी आहे. दीड वर्ष हे वय गोष्टीने विचार करून निवडलं असावं. या वयाचं पिल्लू अजून दूध पितं, पण आईच्या पोटाखाली मावेनासं झालेलं असतं. भीती वाटली की शिरायची जी हक्काची जागा, तीच लहान झालेली. सोंड आहे, पण ती पूर्ण कह्यात आलेली नाही. बाकी काही सुचलं नाही की गब्दू सोंडेचं टोक तोंडात घालून चोखत बसतो. इथे माझ्या नातीचा अंगठा आपोआप तोंडात जातो. गोष्ट ते पाहते आणि काही बोलत नाही.

आजी गब्दूला आवडत नाही. गोष्ट हे पहिल्याच मिनिटाला मोकळेपणाने सांगून टाकते, आणि मला ती तिथेच पटते. आजीचा एक कान फाटका आहे, एक दात अर्धा तुटलेला आहे. मावश्या खेळवतात, पडलं तर सोंडेने उठवतात. आजी तसलं काही करत नाही. ती चालता चालता मध्येच थांबते. गोष्टीचं पालुपद इथून सुरू होतं: आजी थांबली, सगळे थांबले. गब्दूला समोर हिरवा पाला दिसत असतो आणि ही थांबते. का, ते सांगत नाही.

मग नदी येते, आणि नदीत पाणी नसतं. नुसती वाळू. आजी पुढच्या पायाने वाळू उकरू लागते. गोष्टीची चाल इथे एकदम मंदावते आणि मला ती ढकलता येत नाही. एक पाय वाळू. दुसरा पाय वाळू. मग सोंड आत घालून वाळू. गब्दू खड्ड्यात डोकावतो, सोंड घालतो, नाकात वाळू जाते, फूर्रर्र करतो. नात विचारते, “अजून नाय आलं पानी?” नाही आलं. ही थांबण्याची जागा गोष्टीचा कणा आहे. मोठ्या माणसांना सांगताना इथेच घाई सुटते, कारण पाणी येणार हे आपल्याला ठाऊक असतं. मुलाला ते ठाऊक नसतं. खरे हत्तीही असंच करतात. कोरड्या पात्राच्या पोटात पाणी असतं. खड्डा पुरेसा खोल गेला की ते हळूहळू झिरपून साठतं, आणि तोवर उभं राहावं लागतं. गोष्टीतली आजी उभी राहते. मग तळाशी वाळू काळी दिसू लागते, मग ओली, मग चमकणारी. आजी दोन घोट घेते आणि बाजूला सरकते. गब्दूला सोंडेने पाणी ओढून तोंडात सोडणं नीट जमत नाही, म्हणून तो गुडघे टेकून थेट तोंड लावतो.

आता आजी आवडली का? नाही. गोष्ट एवढी भोळी नाही. गब्दूला पाणी आवडलं, खड्डा आवडला. त्याचा भरवसा बसला तो खड्ड्यावर.

म्हणूनच तिसऱ्या भागात गोष्ट तो खड्डा काढून घेते. पाणी झिरपायचं थांबतं. गोरखचिंचेच्या जाड खोडाची साल सोलून सगळे चघळतात; तिच्यात थोडा ओलावा असतो. ती सालही संपत येते. मग एका संध्याकाळी आजी नदीकडे पाठ करते. एक पाय किंचित उचलते, कान हलवते आणि पोटातून खोल गुरगुरते. आफ्रिकेत हत्तींच्या आवाजांचा वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्या जॉइस पूल यांनी ‘चला’ या अर्थाच्या अशा गुरगुरण्याचं वर्णन केलं आहे. जायचं त्या दिशेला तोंड करून हत्तीण ते पुन्हा पुन्हा काढते. त्यातला बराच भाग इतका खालच्या सुराचा असतो की माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही. मी तो आवाज काढते तेव्हा नात माझ्या छातीला कान लावते.

गब्दू हलत नाही. त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे: पाणी नदीत असतं, मग नदी सोडून कुठे जायचं? आजी निघते. मावश्या निघतात. आणि आई निघते. हत्तीचं पिल्लू आजीच्या मागे जात नाही, ते आईच्या मागे जातं. आई मात्र आजीच्या मागे जाते. आजी पाणी काढते म्हणून नव्हे, तर आई तिच्यामागे बिनघोर चालते म्हणून आजी भरवशाची ठरते. आमच्या घरातही वेगळं घडलेलं नाही. माझी सून मला उलट बोलते त्या दिवशी नात माझ्या हातून जेवत नाही.

गब्दू एकटा उभा राहतो. फार वेळ नाही. गोष्टीला मुलाच्या छातीतली धडधड मोजता येते. आजी थांबली, सगळे थांबले. कोणी मागे येऊन त्याला ओढत नाही, कोणी ओरडत नाही. तो आपला आपण धावत येतो, आणि कळप पुन्हा चालू लागतो.

या जागेवर एकदा घरी आलेल्या एका आजोबांनी मदत करायचं ठरवलं. “बघ हं, नसता आला तर हरवला असता. मोठ्यांचं ऐकावं!” नात त्या रात्री उशिरापर्यंत जागी होती आणि आईचा पदर सोडत नव्हती. धाकाने मूल मागे येतं, यात वाद नाही. पण ते मागे बघत येतं. गोष्टीला ते नको आहे.

रात्रभर चालल्यावर आजी पुन्हा थांबते. कोरड्या गवतातलं काहीतरी उपटून चावू लागते. गब्दू तिच्याजवळ जातो, मान वर करतो आणि सोंडेचं टोक सरळ आजीच्या तोंडात घालतो. हे मी रचलेलं नाही. हत्तीची पिल्लं खरोखर मोठ्यांच्या तोंडात सोंड घालतात. काय खायचं आणि काय नाही, हे त्यांना तिथूनच कळतं. शिवाय जवळीक आणि धीर यांसाठीही हत्ती एकमेकांच्या तोंडाला सोंड लावतात. तोवर आईखेरीज कोणाच्या तोंडाजवळ न गेलेला गब्दू आजीच्या तोंडातला घास चाचपून बघतो आणि आजी तोंड मिटून घेत नाही. गोष्टीतलं एवढं एकच वाक्य सांगताना नात नेमाने उठून बसते आणि मी काय चघळतेय ते बोट घालून तपासते. बडीशेप असते.

मग ओलसर जमीन, गवत, आणि झोप. पिल्लं आडवी होतात, मोठे हत्ती त्यांच्याभोवती उभे राहतात. गोष्ट निघून जाते. निरोपाचं वाक्य तिच्याकडे नाही.

ती गेल्यावर जे उरतं ते मुलाच्या कानावर घालण्यासारखं नाही. तरांगिरे राष्ट्रीय उद्यानात १९९३च्या त्या दुष्काळात हत्तींच्या तीन गटांवर संशोधकांचं लक्ष होतं. त्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांत ८१ पिल्लांपैकी १६ दगावली. एरवी शंभरात दोनेक जातात, त्या वर्षी वीस गेली. दोन गट उद्यान सोडून बाहेर निघाले. एक तिथेच राहिला, आणि १६ पैकी १० पिल्लं त्या एका गटातली होती. निघालेल्या गटांतल्या सर्वांत वयस्क हत्तिणी ४५ आणि ३८ वर्षांच्या होत्या. राहिलेल्या गटातली ३३ची.

फरक पाच वर्षांचा दिसतो, पण त्या भागात आधीचा असा दुष्काळ १९५८ ते ६१मध्ये पडला होता. १९९३ साली ४५ वर्षांची असलेली हत्तीण तेव्हा दहा-तेरा वर्षांची होती, ३८ची तीन-सहा वर्षांची. ३३ची त्याच सुमारास जन्मली. थोरल्या दोघींना तेव्हाची वाट आठवत असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. तो सिद्ध करता येत नाही, कारण हत्तिणीला विचारता येत नाही. पण तो खरा धरला, तर आजी तेव्हा गब्दूच होती. कोणा दुसऱ्या आजीच्या मागून, कदाचित कुरकुरत, तिने नदी सोडली होती आणि तीस वर्षं ते कुणाच्या उपयोगी पडलं नव्हतं. हस्तिदंतासाठी मोठ्या दातांच्या वयस्क हत्तिणी मारल्या जातात तेव्हा कळपातून नेमकी ही वाट जाते.

मुलांच्या चित्रांत मात्र या आजीला गुळगुळीत कातडी, लांब पापण्या आणि कपाळावर फूल मिळतं. सून मला चिडवते की सांगणारी आजी असल्यामुळे मी पक्षपात करते. असेन करत. तरीही ही गोष्ट तुमच्या घरी आली तर गब्दूचं नाव खुशाल बदला, गोरखचिंचेऐवजी वड लावा, मावश्या दोनच ठेवा. पाणी मात्र लवकर आणू नका, आणि आजीचं वय कमी करू नका.