हातात किती?

पहिला फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या फेज टूमध्ये, ऑफिसखालच्या टपरीवर उभी होते. अनोळखी नंबर, मागे कॉल सेंटरसारखा गलका. "हॅलो मॅम, इज धिस अ गुड टाइम?" चहाचा कप हातात असताना खरं तर ती वेळ चांगली नव्हती. पण साडेतीन वर्षांत नोकरीसाठी आलेला हा माझा पहिलाच फोन, त्यामुळे मी म्हटलं, "येस येस, टेल मी."

पुढचं सगळं संभाषण चार मिनिटांत आटोपलं. अनुभव विचारला, टेस्टिंगमध्ये ऑटोमेशन किती आणि मॅन्युअल किती ते विचारलं, आणि मग तिनं एका दमात तीन प्रश्न टाकले. करंट सीटीसी? एक्स्पेक्टेड? नोटिस पिरियड?

पगाराचा आकडा म्हणून माझ्या डोक्यात एकच गोष्ट असते, ती म्हणजे एक तारखेला बँकेचा येणारा मेसेज. मी म्हटलं, "हातात बावन्न हजार येतात." तिनं पटकन गुणाकार केला. "सो, सिक्स पॉइंट टू, राइट?" मी म्हटलं, "हो." अपेक्षा किती, तर ऑफिसात सगळे म्हणतात तेच मी म्हटलं, "थर्टी पर्सेंट हाइक." नोटिस नव्वद दिवसांची होती, पण नव्वद ऐकून ती फोन ठेवेल अशी भीती वाटली. म्हणून घाईनं जोडलं, "पण तीस दिवसांत होईल मॅनेज."

या चार मिनिटांतल्या एकेका उत्तराचं पुढे काय झालं ते आता सांगते.

दोन इंटरव्ह्यू झाले आणि तीन आठवड्यांनी ऑफर लेटर आलं: ८ लाख १० हजार, आणि रुजू व्हायचं तीस दिवसांत. मी आईला फोन केला, धाकट्या भावाला हॉस्टेलची फी भरते म्हणून सांगून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा दिला. मॅनेजर शांतपणे म्हणाले, "प्रोजेक्टचं रिलीज आहे. फार तर साठ दिवसांत सोडतो." मी बायआउटचं विचारलं, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटायचं. त्यांनी माझंच अपॉइंटमेंट लेटर उघडून दाखवलं. बायआउटची सोय त्यात होती, पण पुढे लिहिलं होतं, 'कंपनीच्या मर्जीनुसार'. तीन वर्षांपूर्वी सही करताना ते वाक्य मी वाचलंच नव्हतं. नव्या कंपनीनं पंधरा दिवस वाढवून दिले. ते पुरत नव्हते. मग एका दुपारी दोन ओळींच्या मेलनं ऑफर गेली.

माझी रूममेट एका कन्सल्टन्सीत रिक्रूटर आहे. दिवसभर असे फोन करणं हेच तिचं काम. इतके दिवस मी तिला काही विचारलं नव्हतं, कारण ती घरी आली की कामाबद्दल बोलायला तिची तयारी नसते. त्या रात्री मात्र तिनं माझी पे स्लिप, सॅलरी ब्रेकअप आणि ते गेलेलं ऑफर लेटर अशी तिन्ही गादीवर शेजारी शेजारी ठेवली.

"अगं, तुझा सीटीसी सहा पॉइंट दोन कुठंय? सात पॉइंट आठ आहे."

हातात येणारे बावन्न हजार म्हणजे वजावट झाल्यावर उरलेले पैसे. महिन्याची ग्रॉस ५५ हजार, वर्षाची ६ लाख ६० हजार. कंपनी माझ्या पीएफमध्ये तिच्या वाट्याचे वर्षाला ३६ हजार भरते, ते सीटीसीत धरलेले. ग्रॅच्युइटी आणि विमा मिळून आणखी २४ हजार. हे झाले ७ लाख २० हजार फिक्स्ड. वर ६० हजार व्हेरिएबल. एकूण ७ लाख ८० हजार. ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे तो पैसा मला कधी दिसलाच नव्हता. पण समोरची कंपनी तिचा आकडाही असाच सगळं धरून सांगते. मी माझा हातातला आकडा तिच्या सगळं धरलेल्या आकड्याशेजारी ठेवला होता.

मग तिनं ऑफर लेटरचं दुसरं पान उलटलं. ८ लाख १० हजारांत दहा टक्के, म्हणजे ८१ हजार, व्हेरिएबल होतं. उरले ७ लाख २९ हजार फिक्स्ड. माझं चालू फिक्स्ड ७ लाख २० हजार.

ज्या वाढीला मी तीस टक्के समजत होते, ती खात्रीच्या पैशांत वर्षाला नऊ हजार रुपये होती. महिन्याला साडेसातशे. ऑफर गेल्याचं दुःख त्या क्षणी अर्ध्यावर आलं, हे कबूल करते.

मी तिला विचारलं, त्या बाईंनी मला फसवलं का? ती हसली. म्हणाली, आमच्याकडं एक एक्सेल शीट असते. नाव, अनुभव, सीसीटीसी, ईसीटीसी, एनपी, म्हणजे चालू पगार, अपेक्षित पगार आणि नोटिस. दिवसाला चाळीस फोन करायचे आणि रकाने भरायचे. तू बोलतेस ते सगळं शेवटी एका रकान्यात एक आकडा होऊन बसतं आणि पुढच्या माणसाला तेवढंच दिसतं. शिवाय बाहेरच्या कन्सल्टन्सीला बरेचदा उमेदवाराच्या वार्षिक पगाराचा काही भाग फी म्हणून मिळतो, ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार, हा नेहमीचा दर. त्यामुळे तुझा पगार पाडण्यात तिचा फायदा नसतो. तिला घाई असते ती जागा लवकर भरायची. कंपनीचा स्वतःचा एचआर फोन करतो तेव्हा गोष्ट वेगळी, त्याच्यासमोर बजेट असतं.

पगार मुळात सांगूच नये, असा सल्ला मी इंटरनेटवर वाचला होता. तिचं म्हणणं, तो सल्ला बहुतेक अमेरिकेतला असतो. कॅलिफोर्नियात २०१८ पासून कंपनीनं उमेदवाराला जुना पगार विचारायलाच कायद्यानं बंदी आहे. इथं सर्रास विचारतात, आणि ऑफरच्या आधी तीन महिन्यांच्या पे स्लिपा मागतात. सांगितलं नाहीस तर रकाना रिकामा राहतो आणि शीट पुढं सरकत नाही. वाढवून सांगितलंस तर स्लिपांत पकडली जातेस, कधी रुजू झाल्यावर व्हेरिफिकेशनमध्ये. "त्यामुळं खरं सांग, पण पूर्ण सांग. फिक्स्ड वेगळं, व्हेरिएबल वेगळं, आणि वाढ होणार असेल तर तीही."

अपेक्षेच्या बाबतीत ती जास्त कडक होती. टक्क्यांत बोललीस की तुझा जुना पगार हाच पाया होतो. तू आधीच कमी पगारावर असशील तर तेच कमीपण तीस टक्क्यांनी मोठं करून पुढं नेतेस. रेंज सांगितलीस, 'नऊ ते अकरा', की मी शीटमध्ये नऊ लिहिते. 'निगोशिएबल' म्हणालीस तर त्याहून खाली. आधी त्यांचं बजेट विचार. दोनदा विचारूनही सांगितलं नाही तर एकच आकडा दे, आणि तो कामाशी जोड.

आकडा कुठून आणायचा? या प्रश्नाला तिच्याकडं सोपं उत्तर नव्हतं. मी कॉलेजच्या ग्रुपमधल्या तिघांना वेगवेगळे मेसेज केले. पगार विचारणं आपल्याकडं वय विचारण्यापेक्षा अवघड. त्यामुळे 'किती मिळतं' असं न विचारता मी लिहिलं, 'माझ्या अनुभवाला ऑटोमेशनमध्ये दहा मागितले तर हसतील का?' तिघांनीही उत्तर दिलं. दोघांच्या मते दहा ठीक, तिसरा म्हणाला अकरा माग.

राहिला नोटिसचा प्रश्न. राजीनामा दिलेला असल्यानं तो आपोआप बदलला होता. 'नव्वद दिवस' जाऊन आता एक तारीख होती, १४ ऑगस्ट. रूममेट म्हणाली, या तारखेमुळं तू शीटमध्ये वर जाशील, कारण नोटिसवर असलेला माणूस कधी येणार ते नक्की माहीत असतं. (हे ऐकून कुणी ऑफर नसताना राजीनामा देऊ नये. मी दिलेला अपघातानं होता, आणि त्या साठ दिवसांत मला झोप लागत नव्हती. एज्युकेशन लोनचा ११ हजारांचा हप्ता दर पाच तारखेला जातो.) नोटिसवर नसते तर काय म्हणायचं, हेही तिनं सांगितलं: करारात नव्वद आहेत, टीममधल्या अमक्यांना साठ दिवसांत सोडलंय, बायआउट कंपनीच्या मर्जीवर आहे, तुम्ही त्याचे पैसे भरून देता का? त्यात खोटं काही नाही, आणि नसलेल्या तारखेचं वचनही नाही.

दुसरा फोन जुलैत आला. मी मीटिंगमध्ये होते. या वेळी म्हटलं, "सहा वाजता बोलू शकतो का?" सहाला फोन आला. माझ्यासमोर वहीचं पान होतं.

"करंट सीटीसी?"

"सेव्हन पॉइंट एट. त्यात सात पॉइंट दोन फिक्स्ड, साठ हजार व्हेरिएबल."

"एक्स्पेक्टेड?"

"या रोलसाठी तुमचं बजेट काय आहे?"

"मॅम, दॅट डिपेंड्स. तुम्ही सांगा ना." मी पुन्हा विचारलं, "अंदाजे सांगितलंत तरी चालेल, म्हणजे दोघांचा वेळ जाणार नाही." थोडी शांतता. मग तो म्हणाला, "नऊ ते अकराच्या मध्ये." मी वहीतलं वाचलं: "मग साडेदहा. फ्रेमवर्क शून्यापासून उभं करायचं काम आहे, ते मी इथं केलंय. त्यात व्हेरिएबल किती टक्के असतं?"

"फाइव्ह. नोटिस?"

"लास्ट वर्किंग डे १४ ऑगस्ट. राजीनामा स्वीकारल्याचा मेल आहे."

"ऑफर इन हँड?"

हा प्रश्न वहीत नव्हता. क्षणभर 'हो' म्हणावंसं वाटलं. पण हो म्हटलं तर ते लेटर मागतात, हे रूममेटकडून ऐकलं होतं. म्हटलं, "होती. रुजू व्हायची तारीख जुळली नाही." तो "ओके" म्हणाला आणि टाइप केल्याचा आवाज आला.

शेवटी १० लाख २० हजारांवर ठरलं. पाच टक्के व्हेरिएबल वजा जाता ९ लाख ६९ हजार फिक्स्ड. मी साडेदहासाठी एकदा मेल केला. त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं आणि मी सही केली. तीन पे स्लिपा मागितल्या, त्या पाठवल्या. बायआउटचा विषयच निघाला नाही.

संध्याकाळी बाबांना फोन केला. दहा लाख वीस हजार म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले, मग विचारलं, "ते ठीक आहे गं, पण हातात किती?"

मी वही उघडून बेरीज-वजाबाकी करत बसले. ते लाइनवरच थांबले होते.